काळी पडलेली पानं, बोअरचं पाणी आणि अर्धं उत्तर

आमचा व्हॉट्सॲप गट द्राक्ष बागायतदारांचा आहे. नाशिक, सांगली आणि सोलापूर भागातले शेतकरी, थोडे सल्लागार, काही निर्यातदारांची माणसं आणि बरेच खत-औषध विकणारे. व्हॉट्सॲपच्या १,०२४ सदस्यांच्या मर्यादेला गट जवळजवळ टेकलेला असतो. मी त्याच्या ॲडमिनपैकी एक. पुढचं प्रकरण एका दुकानदाराचं आहे, त्याचं निफाड तालुक्यात खताचं दुकान आणि सोबत माती-पाणी तपासणीची लहान प्रयोगशाळा आहे. नावगाव देत नाही, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. धंदा असलेला माणूस धंदेवाल्यांच्या गटात उपयोगी कसा पडतो आणि तोच माणूस जाहिरातीकडे कसा घसरतो, या दोन्ही गोष्टी या एकाच प्रकरणात पाहायला मिळाल्या, म्हणून ते लिहून ठेवतोय.

गटाचा एक नियम आधी सांगायला हवा. इथे औषधाचं किंवा खताचं कंपनीचं नाव लिहायचं नाही, आतला घटक लिहायचा. नव्या माणसाला हा नियम जाचक वाटतो. पण २०१० मध्ये युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले आणि त्या हंगामात निर्यातदारांपासून शेतकऱ्यांपर्यंत सगळे होरपळले. शेंडा रोखायला हे संजीवक सर्रास वापरलं जायचं आणि लोकांच्या तोंडी त्याचं दुकानातलं नाव होतं. ज्याला आपण काय फवारतोय त्याचा घटकच माहीत नाही, त्याला काढणीपूर्वी किती दिवस थांबायचं हे कसं कळणार? नियम त्या धास्तीतून आला. जाहिरातीला त्याने आपोआप आळा बसला, हा वरचा फायदा.

आता मूळ प्रश्न. मण्यात पाणी उतरायच्या सुमाराला तासगावकडच्या एका बागायतदाराने चार फोटो टाकले. थॉमसन जातीची बाग, खालची जुनी पानं कडेने करपलेली आणि आतल्या बाजूला तपकिरी-काळी पडत चाललेली. खाली एकच ओळ: "पानं काळी पडताहेत, काय मारू?"

गटात अशा प्रश्नावर काय होतं ते ठरलेलं आहे. अर्ध्या तासात दहा-बारा उत्तरं आली. दोघांनी डाऊनी हा बुरशीचा रोग म्हणून सांगितलं. एकाने बुरशीनाशक आणि टॉनिकचा एकत्र डोस दिला, तोही प्रमाणाशिवाय. दोन विक्रेत्यांनी रंगीत पोस्टर टाकले, ते आम्ही काढले. एका जाणत्या, पंचवीसेक वर्षं बाग करणाऱ्या अण्णांनी लिहिलं की पोटॅश कमी पडलंय, ठिबकमधून लाल पोटॅश सोडा, स्वस्त आणि मस्त. अण्णांचा शब्द गटात चालतो, त्यामुळे पुढच्या चार जणांनी त्यावर अंगठे दाखवले.

मग दुकानदाराचं उत्तर आलं. ते जवळजवळ पूर्ण देतो.

"दादा, फोटोवरून रोग वाटत नाही. डाऊनी असती तर वरून तेलकट पिवळे डाग आणि पानाखाली पांढरी लव दिसली असती. इथे काळेपणा जुन्या पानांच्या कडेकडून आत चाललाय. म्हणजे पोटॅश कमी पडतंय किंवा सोडियम-क्लोराइड जास्त झालंय. पुष्कळदा दोन्ही एकत्रच असतं. काही मारण्याआधी तीन गोष्टी सांगा: पाणी बोअरचं, विहिरीचं की कॅनॉलचं? बाग खुंटावर कलम केलेली आहे की स्वमुळावर? आणि यंदा पोटॅश कोणता सोडलात? पाण्याचा ईसी, म्हणजे क्षारांचं माप, मोजून घ्या. शेजारी कुणाकडे ईसी मीटर असेल तर आजच कळेल. नाहीतर कृषी विज्ञान केंद्रात बाटली द्या, काही साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळेतही होतं. ईसी एकच्या आत निघाला तर माझा क्षाराचा अंदाज बहुधा चुकीचा, मग देठ तपासणीच करावी लागेल. माझं खताचं दुकान आणि प्रयोगशाळा आहे, ते धरून माझं म्हणणं वाचा."

या उत्तरात त्याने विकण्यासारखं काहीच ठेवलं नाही. पाणी तपासणी हा त्याचाच धंदा, तरी बाटली कुठे द्यायची ते सांगताना त्याने स्वतःची प्रयोगशाळा सुचवलीच नाही. तासगावहून निफाडला बाटली पाठवण्यात अर्थ नव्हता, आणि ते त्याला कळत होतं. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते वेगळं वाक्य: ईसी एकच्या आत निघाला तर माझा अंदाज चुकीचा. स्वतःचा अंदाज कोणत्या आकड्याला पडेल हे जो आधीच सांगतो, त्याचं उत्तर समोरचा स्वतः तपासू शकतो. विक्रेत्याच्या उत्तरात ही सोय सहसा नसते. तिथे कोणताही आकडा आला तरी औषध तेच राहतं.

धंदा असल्याची कबुली शेवटी आणि एकाच ओळीत होती, तीही दुकानाच्या नावाशिवाय. हे तो प्रत्येक वेळी करायचा. "तुमचं दुकान आहे हे सगळ्यांना माहीत आहे, कशाला लिहिता?" असं कुणीतरी एकदा विचारलं. त्यावर तो म्हणाला, की गटात रोज नवी माणसं येतात, त्यांना माहीत नसतं. आणि पोस्ट फॉरवर्ड होते तेव्हा लिहिणारा कोण हे सोबत जात नाही, ओळ मात्र जाते. हे मला तोवर सुचलं नव्हतं. फॉरवर्ड झालेला सल्ला अनाथ असतो, त्यात हितसंबंध लिहिलेला असेल तरच तो वाचणाऱ्यापर्यंत पोहोचतो.

संध्याकाळी बागायतदाराने उत्तर दिलं. पाणी बोअरचं, ईसी २.४. बाग स्वमुळावरची. आणि पोटॅश म्हणून पूर्ण हंगाम लाल पोटॅशच ठिबकमधून गेलेला.

आता दुकानदारापुढे अवघड प्रसंग होता, कारण अण्णांचा सल्ला या बागेसाठी नेमका उलटा होता. लाल पोटॅशमध्ये, म्हणजे म्युरिएट ऑफ पोटॅशमध्ये, पोटॅशबरोबर जवळपास निम्मं वजन क्लोराइडचं असतं. ज्या वेलीला आधीच खाऱ्या पाण्यातून क्लोराइड मिळतोय तिला त्यातून आणखी मिळतो. ०-०-५० म्हणजे सल्फेट ऑफ पोटॅशमध्ये, ज्याला पांढरा पोटॅश म्हणतात, ती अडचण नाही, पण ते महाग असतं, आणि दुकानदार ते विकतो. म्हणजे अण्णांना खोडून काढायचं तर त्याला स्वतःच्या दुकानातल्या महाग मालाची शिफारस करावी लागणार. गट याच जागी बारकाईने बघत असतो.

त्याने लिहिलं: "अण्णा म्हणतात ते त्यांच्या बागेत बरोबर आहे, त्यांचं पाणी कॅनॉलचं आहे. गोड पाण्याला आणि निचऱ्याच्या जमिनीत लाल पोटॅश पुष्कळांना चालतो. इथे पाण्याचा ईसी २.४ आहे. द्राक्षाला साधारण एकच्या पुढे पाणी त्रास द्यायला लागतं, आणि क्षार सोसणाऱ्या डॉगरीजसारख्या खुंटाची मदतही या बागेला नाही. म्हणून इथे लाल बंद करून पांढरा, तोही एकदम न टाकता थोडा थोडा सोडावा. मात्र नुसतं खत बदलून भागणार नाही, खरी अडचण पाण्यात आहे. शेततळं असेल तर ते आधी वापरा. शेततळ्याचा ईसी ०.६ धरला तर दोन भाग शेततळं आणि एक भाग बोअर मिसळून साधारण १.२ होतो. काळी झालेली पानं हिरवी होणार नाहीत, त्यासाठी कुणी काही विकलं तर घेऊ नका. पुढची पानं वाचवायची आहेत."

अण्णा या उत्तराने दुखावले नाहीत, उलट त्यांनीच खाली लिहिलं की बोअरचं आहे हे मला माहीत नव्हतं. चुकलेल्याला "चूक" न म्हणता त्याचा सल्ला कुठे लागू पडतो हे दाखवणं, एवढं दुकानदाराने केलं. यात सौजन्य होतं हे खरंच, पण त्याहून मोठा भाग माहितीचा होता. लाल पोटॅश वाईट, असं सांगून तो मोकळा झाला असता तर गटातल्या कॅनॉलवाल्यांनीही उगाच महाग खत घेतलं असतं आणि फायदा त्याचाच झाला असता.

पुढच्या दोन दिवसांत आणखी प्रश्न आले. क्षार धुऊन काढायला एकदा भरपूर पाणी सोडू का, असं त्याच बागायतदाराने विचारलं. दुकानदार म्हणाला की जमिनीला निचरा असेल तरच, आणि धुवायचं पाणीही गोड हवं. भारी काळ्या रानात पाणी साचलं तर मुळ्या गुदमरतील आणि मणी भरताना मण्यांना तडे जाण्याचाही धोका आहे. जिप्समबद्दल विचारल्यावर त्याने तो विषय फळ काढल्यानंतरच्या खरड छाटणीपर्यंत पुढे ढकलला. जमिनीत चुनखडी किती आहे हे बघितल्याशिवाय जिप्सम घ्यायचं की गंधक हे ठरत नाही, आणि फळ झाडावर असताना घाई करून उपयोग नाही, एवढं सांगून थांबला. "आत्ता काही घेऊ नका" हे वाक्य त्या संभाषणात तीनदा आलं. विकणाऱ्याच्या तोंडी हे वाक्य किती वेळा येतं, यावरून मी हल्ली माणसं ओळखतो.

या सगळ्यातून त्याला काय मिळालं? त्या बागायतदाराकडून काहीच नाही. त्याने ०-०-५० तासगावातूनच घेतलं. त्याच्या स्वतःच्या तालुक्यातली माणसं मात्र पुढच्या महिन्यांत पाण्याच्या बाटल्या घेऊन दुकानात यायला लागली, हे त्याने मला नंतर सांगितलं. कोण गटातून आलं आणि कोण शेजाऱ्याच्या सांगण्यावरून, याचा हिशेब त्याने ठेवलेला नाही आणि तो ठेवता येईल असं मला वाटत नाही. फायदा होतो, पण तो उशिरा आणि भलत्याच दाराने येतो. ज्याला या महिन्याचं दुकानभाडं गटातून काढायचं आहे त्याच्या कामाची ही वाट नाही.

आणि घसरण सुरू झाली ती इथूनच, धंदा वाढल्यावर. दुकानदाराला वेळ मिळेना, म्हणून गटाची जबाबदारी त्याने पुतण्याकडे दिली. क्रमांक तोच, फोन तोच. पुतण्या कृषी पदवीधर आहे, माहिती कमी नाही त्याला. पहिले पंधरवडाभर आम्हाला फरक जाणवलाही नाही. आम्ही नंतर मागे जाऊन त्याची उत्तरं वाचली तेव्हा क्रम लक्षात आला.

आधी उत्तरं आखूड झाली. "हे क्षाराचं लक्षण आहे, ईसी बघा" एवढंच. कोणत्या आकड्याला काय करायचं ते गेलं. मग शेवटी "सविस्तर बोलू, फोन करा" आलं. यात नियम मोडलेला नव्हता, कंपनीचं नावही लिहिलेलं नव्हतं. पण उत्तराचा कामाचा अर्धा भाग गटातून उचलून फोनवर गेला होता. विचारणाऱ्याला फोनवर उत्तर मिळत असेलही, बाकीच्या हजार जणांना नाही. शिवाय फोनवर काय सांगितलं ते कुणी तपासू शकत नाही. दुकानदाराच्या जुन्या उत्तराला अण्णा किंवा दुसरं कुणी आडवं येऊ शकत होतं, पुतण्याच्या उत्तराला येण्याची सोयच उरली नाही.

धंद्याची कबुली देणारी ओळ दुसरी गेली. पुतण्याला ती अनावश्यक वाटली असावी.

तिसरी पायरी मिरजेच्या एका सदस्याने दाखवली. त्याने गटात भुरी रोगाबद्दल विचारलं होतं. गटात उत्तर येण्याआधीच त्याला खासगीत निरोप आला, फोटो आणि दरपत्रकासह. त्याने त्याचा स्क्रीनशॉट आम्हाला पाठवला. आम्ही आणखी तिघांना विचारलं, त्यांनाही तसेच निरोप आलेले. प्रश्न विचारला की सदस्याचा क्रमांक सगळ्यांना दिसतो, व्हॉट्सॲप गटाची ही रचनाच आहे. लोकांनी तो क्रमांक गटात येण्यासाठी दिलेला असतो, दरपत्रकासाठी नाही. काही जण तर सगळ्या सदस्यांचे क्रमांक उतरवून घेतात आणि रोज सकाळी संदेश सोडतात. ब्रॉडकास्ट यादीतून गेलेला संदेश ज्यांनी तुमचा क्रमांक साठवलाय त्यांनाच पोहोचतो, म्हणून मग एकेकाला सुटा संदेश पाठवण्याचा उद्योग सुरू होतो. लोक तक्रार करतात आणि शेवटी क्रमांकच बंद होतो. पुतण्या तिथपर्यंत गेला नव्हता, पण दिशा तीच होती.

यात नुकसान जाहिरातीच्या त्रासापुरतं राहत नाही. खासगीत दरपत्रक येतं हे कळल्यावर मिरजेच्या त्या सदस्याने गटात विचारणंच सोडलं. प्रश्न कमी झाले की गटात उरतात ती शुभप्रभातची चित्रं. विक्रेत्याला वाटतं आपण गटातून गिऱ्हाईक काढतोय, प्रत्यक्षात तो गटातले प्रश्न काढून घेत असतो.

आम्ही दुकानदाराशी बोललो, गटात नाही, फोनवर. त्याला खासगी निरोपांची कल्पना नव्हती. आम्ही त्याला काढून टाकलं नाही, याबद्दल दुसऱ्या एका ॲडमिनचा माझ्याशी वाद झाला. त्याचं म्हणणं, नव्या माणसाला एक नियम आणि जुन्या माणसाला दुसरा, असं चालणार नाही. मुद्दा चुकीचा नव्हता. शेवटी पुतण्याने स्वतःच्या क्रमांकावरून गटात यायचं आणि पहिल्या पोस्टमध्ये तो कुठे काम करतो ते लिहायचं, असं ठरलं. शिवाय सगळ्यांसाठी दोन गोष्टी नियमात आल्या. उत्तर गटातच पूर्ण द्यायचं, म्हणजे विचारणाऱ्याने फोन केला नाही तरी त्याचं काम अडू नये. आणि खासगी निरोप विचारणाऱ्याकडूनच सुरू व्हावा.

रविवारी जाहिरातीला मोकळीक द्यायची, ही सूचनाही त्या वेळी आली. इतर काही गटांत तसं करतात. आम्ही महिनाभर करून पाहिलं आणि बंद केलं. रविवारी लोकांनी गट म्यूट केला आणि बरेच सोमवारी परत उघडायला विसरले.

पुतण्या पुढे बरा निघाला, पण काकासारखा नाही. त्याची उत्तरं पूर्ण असतात, मात्र "आत्ता काही घेऊ नका" हे वाक्य त्याच्याकडून अजून आलेलं नाही. नियमाने ते येणारही नाही. उत्तर अर्धं आहे की पूर्ण, हे आम्ही ॲडमिन म्हणून बघू शकतो. शिफारस गरजेपुरती आहे की दुकानापुरती, हे दुसऱ्या जाणकारांनीच गटात बोलून दाखवावं लागतं, आणि तेवढे जाणकार जागे असले तरच हे जमतं. छाटणीच्या गर्दीत कुणीच जागं नसतं.

एप्रिलमध्ये खरड छाटणीनंतर तासगावच्या बागायतदाराने माती तपासणीचा अहवाल टाकला. चुनखडी भरपूर निघाली होती. जिप्सम नको, गंधक बघा, हे दुकानदार यायच्या आधी सोलापूरच्या एका शेतकऱ्यानेच सांगितलं. गंधक जमिनीत काम करायला वेळ घेतं, पावसाळ्याच्या तोंडावर जमिनीत मिसळलं तर बरं, एवढी भर दुकानदाराने घातली, नेहमीच्या ओळीसह. त्यावर निफाडच्याच एकाने गटात उघड विचारलं, "तुमच्याकडे गंधक काय भावाने?"

दुकानदाराने आधी आम्हाला विचारलं, गटात भाव लिहू का? आमच्यात पुन्हा दोन मतं पडली. मी म्हटलं, विचारणाऱ्याने उघड विचारलंय तर उत्तरही उघड द्यावं, खासगीत दिलं तर आपणच लपवाछपवी शिकवू. दुसऱ्या ॲडमिनला भीती होती की उद्या प्रत्येक विक्रेता आपल्या माणसाकडून असाच प्रश्न विचारून घेईल, आणि तसं करणारे आम्ही पाहिले आहेत. शेवटी असं ठरलं की भाव लिहायचा, पण तालुक्यात बाकी दुकानांत काय चाललाय तोही सोबत लिहायचा. दुकानदाराने दोन्ही लिहिले. त्याचा भाव बाजारापेक्षा थोडा जास्त होता.